‘अपमान केला’ एवढंच लिहू नका

निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही होती. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात स्टोअर असिस्टंट असलेल्या गृहस्थांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. कंपनीने मला बाहेरून चौकशी अधिकारी म्हणून नेमलं होतं. त्यांची तक्रार स्टोअर मॅनेजरविरुद्ध होती. दीड वर्ष चाललेला पाणउतारा, दमदाटी आणि टोमणे असं तिचं स्वरूप होतं. मी पहिलं पान उघडलं.

‘आज साहेबांनी पुन्हा सगळ्यांसमोर माझा घोर अपमान केला. पहिल्यापासून त्यांचा माझ्यावर राग आहे. मला मुद्दाम त्रास देतात.’

त्या पानावर तारीखही नव्हती. तक्रारदार खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण चेहरा पुराव्यात घेता येत नाही. या तीन वाक्यांवर मॅनेजर ‘नाही केला’ एवढंच म्हणाले असते तर मी पुढे काय विचारणार होते? ‘सगळ्यांसमोर’ म्हणजे कोणासमोर? ‘अपमान’ म्हणजे कोणते शब्द? राग आहे हे कशावरून? अपमान झाला की नाही, हे ठरवणं चौकशीचं काम असतं. तक्रारदाराने तो निष्कर्ष आधीच लिहून ठेवला होता, पण ज्यावरून तो काढायचा ती घटना लिहायची राहून गेली होती.

सात-आठ पानांनंतर वहीचा सूर बदलला होता. कामगार संघटनेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना बसवून नोंद कशी करायची ते शिकवलं होतं. त्यानंतरची एक नोंद त्यांच्याच शब्दांत देते.

‘मंगळवार, ११ जून २०२४. सकाळी साधारण ११.२०. स्टोअरचं इनवर्ड टेबल. हजर: साहेब, मी, दोन हेल्पर, माल घेऊन आलेला टेम्पोवाला. बेअरिंगच्या पेट्या उतरवून मोजत होतो. चलनावर ४० नग, मोजणीत ३८. साहेबांना सांगितलं. साहेब मोठ्या आवाजात म्हणाले, “ए, तुला मोजता तरी येतं का? शाळेत गेला होतास ना?” एक हेल्पर हसला, दुसरा बाहेर गेला. मी म्हणालो, “तुम्ही मोजून बघा.” साहेबांनी चलन टेबलावर टाकलं, ते खाली पडलं, मी उचललं. साहेब केबिनमध्ये गेले. टेम्पोवाल्यासमोर पुन्हा मोजले, ३८ भरले. चलनावर दोन नग कमी असा शेरा मारून त्याची सही घेतली. सोमवारचे दोन जीआरएन माझ्याकडून राहिले होते, त्यावरून साहेब सकाळी एकदा बोलले होते. ते बोलणं साधं होतं. लिहिलं: त्याच रात्री ९.१५, घरी.’

या नोंदीत ‘अपमान’ हा शब्द कुठेच नाही. तरी वाचणाऱ्याला काय घडलं ते दिसतं. मुख्य म्हणजे नोंदीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्या तरी कागदाला किंवा माणसाला अडकलेली आहे. चलनावरचा शेरा कंपनीच्या फाइलमध्ये आहे. टेम्पो कधी आत आला ते गेटच्या रजिस्टरमध्ये आहे. दोघे हेल्पर हजेरीपटावर आहेत. वेळ लिहिताना म्हणूनच असा आधार शोधावा. घड्याळ पाहिलं नसेल तर ‘चहाची गाडी येऊन गेल्यावर’ किंवा ‘अमक्या मेलच्या आधी’ असं लिहिलं तरी चालतं. नेमका आकडा नसेल तर ‘साधारण’ लिहावं. ११.२० असा अंदाज ठामपणे लिहिला आणि गेटच्या नोंदीत टेम्पो ११.३५ ला आत आला असं निघालं, तर उलटतपासणीत तेवढ्यावरच अर्धा तास जातो.

माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी बोललेल्या शब्दांची घ्यावी, कारण मराठीत पाणउताऱ्याचा मोठा भाग सर्वनामात असतो. हे मॅनेजर बाकी सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे, तक्रारदारांनाही आधी ‘तुम्ही’च म्हणायचे. ते ‘ए’ आणि ‘तू’वर कधी घसरले ते वहीत दिसत होतं. ‘साहेबांनी मला मोजता येतं का असं विचारलं’ अशी नोंद केली असती तर ही घसरण त्या वाक्यात विरघळून गेली असती. म्हणून बोललेलं अवतरणात, ज्या भाषेत बोललं त्याच भाषेत लिहावं. साहेब हिंदीत बोलले तर हिंदीत लिहावं. शिवी दिली असेल तर फुल्या मारू नयेत, शिवी पूर्ण लिहावी. लिहायला लाज वाटते हे खरं, पण फुल्यांच्या जागी नेमकं काय होतं यावर नंतर वाद होतोच. शब्द नीट आठवत नसतील तर अवतरण न घालता ‘अशा अर्थाचं बोलले’ असं लिहावं.

टोमणा लिहिणं त्याहून अवघड असतं, कारण टोमण्यातले शब्द बहुधा सभ्यच असतात. याच वहीत एक वाक्य होतं, ‘या, प्रोफेसर या!’ कागदावर ते निरुपद्रवी दिसतं. ‘टोमणा मारला’ असं लिहून ते बोचरं होत नाही. तक्रारदारांनी लिहिलं होतं की ११ जूनच्या दुसऱ्या दिवसापासून हे संबोधन सुरू झालं, स्टोअरमधल्या दुसऱ्या कोणाला साहेब अशा नावाने हाक मारत नाहीत आणि त्या आठवड्यात चार वेळा तसं झालं. आवाजातली खोच कागदावर उतरत नाही. ती हाक कधी सुरू झाली, कितीदा मारली, आणखी कोणाला मारली का आणि ऐकणाऱ्यांनी काय केलं, हे मात्र लिहिता येतं.

‘सोमवारचे दोन जीआरएन माझ्याकडून राहिले होते’ हे वाक्य पुष्कळांना आत्मघातकी वाटेल. मला त्याच वाक्याने वहीवर विश्वास ठेवायला लावलं. स्वतःची चूक आणि साहेबांचं साधं बोलणं, दोन्ही त्यात आहे. मॅनेजरांच्या बाजूने पहिला बचाव हाच आला की कामात चुका होत्या म्हणून बोलावं लागलं. पण चूक झाली त्या दिवशीचं बोलणं कसं होतं आणि चूक नसतानाचं कसं होतं, दोन्ही एकाच वहीत असल्यामुळे तो बचाव तिथेच थांबला.

हेतू मात्र लिहू नये. ‘मुद्दाम’, ‘राग आहे म्हणून’, ‘मला काढायचा डाव आहे’ हे दुसऱ्याच्या मनातलं असतं, आपल्याला ते दिसलेलं नसतं. या प्रकरणात तर कारण वहीतूनच वर आलं. तारखा असलेल्या एकोणीस नोंदी मी जीआरएनच्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या. त्यातल्या तेरा नोंदी तक्रारदारांनी मालात तूट दाखवली त्याच दिवशीच्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या निघाल्या. तूट दाखवली की मॅनेजरांना अकाउंट्सला उत्तर द्यावं लागायचं. स्वतः तक्रारदारांच्या हे लक्षात आलं नव्हतं. त्यांना वाटत होतं की आपल्या गावावरून किंवा शिक्षणावरून साहेब खार खातात. तेच कारण त्यांनी नोंदीनोंदीत लिहिलं असतं तर चौकशी त्या दिशेला गेली असती आणि हाती काही लागलं नसतं.

वहीत एक मोठी चूकही होती. सुरुवातीची बिनतारखेची पानं पाहून त्यांनी मागच्या सहा घटना एका रविवारी आठवून लिहून काढल्या आणि प्रत्येकीला तारीख दिली. त्यातल्या एका तारखेला मॅनेजर पुरवठादाराकडे राजकोटला गेलेले होते, तिकीट आणि हॉटेलचं बिल त्यांनी समोर ठेवलं. घटना बहुधा आदल्या आठवड्यातली होती. पण त्या एका तारखेने बाकीच्या पाचांवरही सावली पडली आणि त्या सहा नोंदी मला बाजूला ठेवाव्या लागल्या. आठवून लिहिण्यात काही गैर नाही. वर ‘अमुक तारखेला आठवणीतून लिहिलं’ असं नमूद करावं आणि दिवस नक्की नसेल तर ‘मार्चचा दुसरा आठवडा’ एवढंच लिहावं. नंतर चूक लक्षात आली तर खोडू नये, पान फाडू नये, खाली आजची तारीख टाकून दुरुस्ती लिहावी.

त्याच दिवशी लिहिण्याला कायद्यातही वजन आहे. साक्षीदाराने घटनेच्या वेळी किंवा ती मनात ताजी असताना केलेली नोंद पाहून स्मृती ताजी करावी, ही मुभा १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. अंतर्गत चौकशीला पुरावा कायदा काटेकोरपणे लागू होत नाही, तिथे शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहतात. पण या मुभेला दुसरी बाजू आहे. साक्षीदाराने अशी नोंद वापरली की समोरच्याला ती पाहून त्यावर प्रश्न विचारता येतात. त्यामुळे मनातली भडास, घरची भांडणं, साहेबांविषयीचे शाप या वहीत नसावेत, त्यासाठी वेगळी वही करावी. झोप लागली नाही, डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी चिठ्ठी दिली, हे मात्र तारखेसह याच वहीत यावं.

वही घरी ठेवावी. ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलेलं कंपनीच्या ताब्यात असतं, आणि पुरावा म्हणून कंपनीच्या फायली स्वतःच्या मेलवर पाठवल्या तर आरोपपत्र आपल्यावरच येऊ शकतं. कागदाची प्रत न काढता त्याचा क्रमांक, तारीख आणि तो कुठल्या फाइलमध्ये आहे ते लिहावं. चौकशीत तो कागद मागवता येतो.

कामाच्या ठिकाणच्या दमदाटीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. बहुतेक प्रकरणं कंपनीचे नियम आणि अंतर्गत चौकशी यांच्याच वाटेने जातात. स्त्रीच्या बाबतीत वागणूक लैंगिक स्वरूपाची असेल तर मात्र २०१३ चा कायदा लागू होतो. तिथे घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. शेवटची तारीख कोणती, हे तेव्हा वहीच सांगते.

११ जूनच्या नोंदीतल्या दोन्ही हेल्परांना मी साक्षीला बोलावलं. बाहेर गेलेला म्हणाला, आपल्याला काही ऐकू आलं नाही. दुसरा कंत्राटावरचा, विशीतला पोरगा होता. नोंद त्याला वाचून दाखवली आणि विचारलं, तुम्ही हसला होता का? तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला.

‘हसलो मॅडम,’ तो म्हणाला. ‘साहेब बोलले की हसावं लागतं.’