शपथ कुठे ठेवायची?

कैरोतला दुकानदार ‘वल्लाही’ म्हणतो तेव्हा शब्दशः अर्थ ‘अल्लाची शपथ’. पण दर दोन वाक्यांनी हेच मराठीत उतरवलं, तर भाजीवाला मौलवी वाटू लागतो. म्हणून आधी बघायचं, तो शब्द तिथे काम काय करतोय.

‘वल्लाही मा आरफ’ म्हणजे नुसतं ‘खरंच माहीत नाही रे’. मित्राची बातमी ऐकून कुणी आवाज चढवून ‘वल्लाही?’ विचारलं, तर ‘काय सांगतोस!’ दुकानदार भाव पटवत असेल तर ‘शप्पथ, एवढ्यालाच पडलंय’ चालेल. ‘आईशप्पथ’ मात्र कॉलेजातल्या पोराच्याच तोंडी शोभते. आणि ‘अरे देवा’ चालतं तिथेही ‘अरे रामा’ नको, पात्राचा धर्मच बदलतो.

अडचण येते ती ‘वल्लाहिल अझीम’ला. चोरीचा आळ आलेला नोकर थोर अल्लाला साक्षी ठेवून हे म्हणतो, तेव्हा खोटं बोलणं म्हणजे पाप, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. इथे ‘खरंच’ पुरत नाही. ‘अल्लाची शपथ घेऊन सांगतो, मी हात लावलेला नाही’ असंच हवं. आधीच्या पानांवर शपथा उधळल्या नसतील, तरच ती इथे टोचते.