खाडा

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार. घाटकोपर पूर्व.

पहाटे ३:५०
पंतनगरच्या कोपऱ्यावर टेम्पो उभा आहे. पावसाची बुरबुर आहे. दूधवाले काका क्रेट उतरवून घेतायत. एका क्रेटमध्ये अर्ध्या लिटरच्या २४ पिशव्या. ते प्रत्येक क्रेट थोडा कलता करतात आणि तळाशी पांढरं पाणी दिसतंय का ते बघतात. फुटकी पिशवी इथेच परत करायची. टेम्पो निघून गेला की तिचे ३४ रुपये आपल्या खिशातून जातात.

एरवी त्यांच्या लाईनला दहा क्रेट लागतात. आज आठच आहेत. परवा गणेश चतुर्थी. चिपळूण, राजापूर, कणकवलीकडची घरं शनिवार-रविवारीच गावाला गेली.

पहाटे ४:३०
बंद दुकानाच्या पायरीवर वाटणी चालू होते. हाताखाली दोन पोरं आहेत. दोघंही कॉलेजात जातात. सकाळच्या दोन-अडीच तासांचे महिन्याला ४,५०० रुपये मिळतात. प्रत्येकाच्या हातात इमारतवार यादी असते. खोली नंबर, किती पिशव्या, कुठलं दूध. ज्या घराचा खाडा आहे त्याच्यापुढे लाल पेनाने फुली आणि फुलीशेजारी तारीख.

ती तारीख खाडा सुरू झाल्याची नाही, परत यायची आहे. काका सांगतात, नुसती फुली असली की पोरगं त्या दाराला विसरतं. तारीख असली की त्या दिवशी पिशवी आपोआप दारात जाते, गिऱ्हाइकाला फोन करावा लागत नाही. प्रवासातून थकून आलेल्या माणसाला सकाळी दाराला दूध लटकलेलं दिसलं की विषय संपला. दिसलं नाही, तर तो खाली दुकानात जातो. दोन दिवस गेला की तीच सवय होते.

पहाटे ५:१५
म्हाडाच्या जुन्या इमारती. चार मजले, लिफ्ट नाही. खांद्याला दोन कापडी पिशव्या, एकेकीत साताठ किलो. काका आधी सरळ वरच्या मजल्यावर जातात आणि वाटत वाटत खाली येतात. ओझं उतरताना हलकं होत जातं.

तिसऱ्या मजल्यावर एका दाराच्या कडीला कालचीच पिशवी लटकलेली आहे. काका थांबतात. यादीत फुली नाही. शेजारची ताई दार उघडून सांगते, ‘ते काल पहाटेच गेले हो, घाईत सांगायचं राहिलं असेल.’ काका आजची पिशवी ठेवत नाहीत. कालची काढून घेतात, यादीवर टिंब करतात. दाराला जुनी पिशवी दिसली की घर बंद आहे असं धरायचं आणि फोन करून विचारायचं, हा त्यांचा नियम. न विचारता रोज पिशव्या अडकवत राहिलं, तर दहा दिवसांनी आलेल्या माणसाला जिन्यात आंबूस वास येतो आणि बिलात ३४० रुपये दिसतात. मग तो त्या पैशांवरून भांडत नाही, दूधच बंद करतो.

कालच्या पिशवीचे पैसे मात्र ते लावणार. सांगितलं नव्हतं, दूध आलं होतं.

सकाळी ७:००
गारोडिया नगर. इथे लिफ्ट आहे, वॉचमनकडे नोंद आहे, दारांवर तोरणं आहेत. पर्युषण चालू आहे. कुणाच्या घरी अठ्ठाई, कुणाचं एकासणं. चार पिशव्या घेणारं घर या आठवड्यात दोनच घेतं. संवत्सरी झाली की पारण्याच्या दिवशी तेच घर सहा मागेल.

एक बेन दारातच उभ्या आहेत. ‘काका, मुलगा पुण्याला गेला हॉस्टेलला. आता आम्ही दोघंच. बंद करू का? लागेल तसं खालून आणीन.’

काका लगेच ‘नको’ म्हणत नाहीत. विचारतात, ‘सकाळच्या चहाला किती लागतं?’ अर्धा लिटर, तोही रोज संपत नाही. ‘मग एक दिवसाआड एक पिशवी टाकतो. मुलगा येईल त्या आठवड्यात सांगा, वाढवतो.’ बेन हो म्हणतात. सगळं बोलणं एका मिनिटात झालं.

सकाळी ९:४०
घर. दहा बाय बारा. भिंतीला कालनिर्णय, त्यावर स्वतःच्याच घरचं दूध लिहिलेलं. खाली काकूंची लांबट वही. हिशेब सगळा त्यांच्याकडे. पोहे खाता खाता त्या मला एका घराचा हिशेब मांडून दाखवतात.

घर रोज दोन पिशव्या घेतं. एका पिशवीमागे कमिशन साधारण एक रुपया, घरपोच देण्याचे दोन. म्हणजे पिशवीला तीन, दिवसाला सहा, महिन्याला १८०. हे घर गणपतीला अकरा दिवस गावाला जाणार. खाडा दिला तर ६६ रुपये जातात. त्या घराने दूधच बंद केलं तर महिन्याला १८०, वर्षाला २,१६०. ‘सहासष्टसाठी कोण दोन हजार घालवेल?’ काकू विचारतात.

पण ही लाईन ज्याच्याकडून त्यांनी विकत घेतली तो घालवत होता. त्याचा नियम सोपा होता: महिना पूर्ण धरणार, खाडा कापणार नाही, परवडत नसेल तर बंद करा. मे महिन्यात लोक गावाला निघाले की बंदच करायचे. जूनमध्ये त्यातले काही परत लावायचे, काही नाही. जे लावायचे नाहीत ते रागावलेले नसत. महिनाभर दुसरीकडून दूध आणलं होतं, तेच पुढे चालू राहिलं. काकांनी लाईन घेतली तेव्हा दारं मोजून पैसे दिले. मागच्या मे महिन्यात गळालेली दारं त्यात धरली नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी खाडा सुरू केला.

बेनच्या घराचा हिशेब काकू वेगळा मांडतात, आणि इथे त्यांचा चेहरा तितकासा खुलत नाही. खाड्यात माणूस जिना चढत नाही, पिशवी उचलत नाही. पैसे गेले तरी कष्टही वाचतात. दूध कमी केलं की कष्ट तेवढेच राहतात आणि पैसे उतरतात. म्हणून एकच पिशवी घेणाऱ्या दाराला घरपोचचे दोनाऐवजी तीन रुपये लावतात. बेनकडे आता महिन्यात पंधरा पिशव्या, चार रुपयांनी ६० रुपये. पूर्वी १८० होते. तरी दार यादीत राहिलं. दिवाळीला मुलगा येईल, दही लागेल, श्रीखंडाचा डबा लागेल. बंद झालेल्या दाराकडून यातलं काहीच येत नाही.

दुपारी १:३०
झोप झाली. आता फोन. दोन वाजेपर्यंत डीलरला उद्याचा आकडा द्यायचा. त्यानंतर तो बदलत नाही.

या दोन वाजण्यावर सगळा खाडा उभा आहे. दोनच्या आधी सांगितलं तर ती पिशवी मागवलीच जात नाही, नुकसान कुणाचंच नाही. दोननंतर सांगितलं तर दूध येणारच. मग ते चहाच्या टपरीवर कमी भावात खपवायचं किंवा स्वतः प्यायचं. म्हणून काका गिऱ्हाइकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: खाडा कितीही घ्या, कारण सांगू नका, पण आदल्या दिवशी दोनच्या आत कळवा. कारण विचारायचं नाही, हेही ते पाळतात. कारण विचारलं की माणसाला परवानगी मागितल्यासारखं वाटतं. तो पुढच्या वेळी सांगत नाही, सरळ बंद करतो.

सकाळच्या त्या बंद दाराच्या माणसाला फोन लागतो. पलीकडे एसटीचा आवाज. ‘अरे हो, काका, राहिलंच! सहा तारखेला येतोय.’ काकू लाल पेनाने फुली मारतात, पुढे ७ लिहितात. येण्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

सायंकाळी ५:३०
वसुलीची फेरी. ऑनलाइन देणारे बरेच झालेत, तरी म्हातारी माणसं रोख देतात आणि कॅलेंडर समोर धरतात. एका आजींच्या कालनिर्णयावर तीन खाडे, वहीत दोन. काका त्यांचे तीन धरतात. ६८ रुपयांचा फरक. ‘तुमच्या भिंतीवरचं खरं,’ म्हणतात.

याच आजींच्या सुनेकडे मध्ये ॲपवरून दूध येत होतं. मुंबईतच २०१५ साली सुरू झालेलं सुपर डेली. २०१८ मध्ये ते स्विगीने घेतलं. फोनवर बोट लावून उद्याचं दूध थांबवता यायचं, हे तिला फार आवडायचं. मे २०२२ मध्ये मुंबईतली ती सेवा बंद झाली. तेव्हा सुनेने काकांना विचारलं, तुमच्याकडे तसं थांबवता येतं का? येत होतं, म्हणून ती आली. आता ती व्हॉट्सॲपवर नुसतं ‘उद्या नको’ लिहिते, काका अंगठा पाठवतात.

सायंकाळी ७:१०
एक तरुण जोडपं. खोली सोडून ठाण्याला राहायला चाललंय. ‘काका, एक तारखेपासून बंद.’

इथे काका दिवसाआड पिशवी सुचवत नाहीत, खाडा सुचवत नाहीत. वहीत रेघ मारतात, आगाऊ दिलेल्या पैशातले १३६ रुपये तिथेच परत करतात, आणि विचारतात, ‘नवीन भाडेकरू कधी येणार?’ घर बदलणाऱ्याला खाड्यात ठेवून उपयोग नाही. पूर्वी ते अशीही नावं ठेवायचे, यादी मोठी दिसायची आणि डीलरला दिलेला आकडा चुकायचा. आता फुलीपुढची तारीख उलटून आठवडा झाला आणि फोन लागला नाही, तर नाव काढून टाकतात. खाडा सारखा वाढवणाऱ्यांनाही ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सरळ विचारतात, बंद करायचं आहे का. काहींना नाही म्हणायची लाज वाटत असते. त्यांना सुटका हवी असते आणि ती पटकन दिलेली बरी.

रात्री ८:३०
पोरं उद्याच्या याद्या न्यायला आली आहेत. परवाच्या दिवसाची मागणी वेगळ्या कागदावर आहे. खिरीला, मोदकांच्या उकडीला जादा दूध. गावाला गेलेल्यांच्या पिशव्या कमी झाल्या, इथे राहिलेल्यांच्या वाढल्या. बुधवारी आठाचे पुन्हा साडेनऊ क्रेट होतील.

फोन वाजतो. राजापूरहून. यंदा गौरी-विसर्जनानंतरही दोन दिवस राहतोय, म्हणून ३ ऐवजी ५ तारीख करा. काकू ३ खोडतात, ५ लिहितात आणि पोराला यादीतही तेच करायला सांगतात.