बारा संघ, दोन दिवस आणि एक मैदान

समजा तुमच्या असोद्यात मुलांच्या कबड्डी स्पर्धा भरल्या आहेत. भादली, ममुराबाद, नशिराबाद, तरसोद अशा आसपासच्या गावांतून धरून एकूण 12 संघ आलेत. मैदान एकच आणि दिवस दोनच, कारण सोमवारी शाळा! अशा वेळी सामने लावायचं काम तुमच्याकडे आलं, तर कसं लावाल?

आधी वेळ मोजू या. 15 मिनिटांचा पूर्वार्ध, 5 मिनिटं मध्यंतर आणि 15 मिनिटांचा उत्तरार्ध, म्हणजे झाली 35 मिनिटं. संघ मैदानात येणार, नाणेफेक होणार, मधूनच कुणीतरी पंचांशी हुज्जत घालणार! म्हणून एका सामन्याला 45 मिनिटं धरा. शनिवारी दुपारी 2 ते साडेसहा, म्हणजे 6 सामने. रविवारी सकाळी 8 ते साडेबारा, आणखी 6. दुपारी 3 ते 6, अजून 4. झाले 16. सतरावा सामना अंधारात!

आता सर्वांनी सर्वांशी खेळायचं म्हटलं तर? प्रत्येक संघाला 11 प्रतिस्पर्धी. 12 गुणिले 11 म्हणजे 132. पण असोदा-भादली आणि भादली-असोदा हा एकच सामना, म्हणून निम्मे करा : 66. हे काही जमायचं नाही. याच्या उलट बाद पद्धत. तिथे प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो. 12 पैकी 11 घरी गेले की विजेता उरतो, म्हणून सामने 11. वेळेत बसतं खरं. पण पहाटे उठून आलेला संघ पाऊण तासात परत! शिवाय 12 संघ असल्यानं 4 जणांना न खेळताच पहिल्या फेरीतून पुढे चाल द्यावी लागते.

मधला मार्ग म्हणजे गट. प्रत्येक गटात साखळी खेळवायची आणि वरचे संघ बाद फेरीत न्यायचे. सहा-सहाचे 2 गट केले तर नुसत्या साखळीतच 30 सामने होतात. चार-चारचे 3 गट केले तर साखळीचे 18. म्हणजे हेही बाहेर. तीन-तीनचे 4 गट केले, तर प्रत्येक गटात 3 याप्रमाणे फक्त 12. आता पुढे किती जण न्यायचे? प्रत्येक गटातून दोन नेले तर 8 संघांच्या बाद फेरीचे 7 सामने, एकूण 19. एकेकच नेला तर 2 उपांत्य आणि 1 अंतिम, एकूण 15. बसलं! एक सामना हातात शिल्लकही राहिला.

पण बसलं म्हणजे न्याय झाला असं नाही बरं का. एकच संघ पुढे जाणार, तर एका गटात दोन तगडे संघ आले की त्यातला एक बाहेर जाणारच. म्हणून सगळ्या चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकू नका. गेल्या वर्षी उपांत्य फेरीत आलेले चार संघ आधी चार वेगळ्या गटांत ठेवा आणि मग बाकीच्या आठांच्या चिठ्ठ्या काढा.

दुसरी गोम सामन्यांच्या क्रमात आहे. असोदा, भादली आणि ममुराबाद एका गटात आहेत असं धरू. पहिला सामना असोद्यानं भादलीविरुद्ध जिंकला. आता ममुराबादशी आधी कोण खेळणार? असोदा खेळला आणि जिंकला, तर गटाचा निकाल तिथेच लागला. भादली-ममुराबाद सामन्याला काही अर्थच उरला नाही. म्हणून हरलेल्या भादलीला आधी खेळवा. भादली पुन्हा हरली, तर असोदा-ममुराबाद सामना म्हणजे गटाची जणू फायनलच! भादली जिंकली, तरी शेवटच्या सामन्यात चुरस राहतेच. तिथे ममुराबाद जिंकलं तर तिघांचाही एकेक विजय होईल. अशा वेळी गुणांचा फरक पाहायचा, आणि हा नियम स्पर्धेच्या आधीच फळ्यावर लिहून ठेवायचा. नंतर सांगितला की भांडण ठरलेलंच.

आता गंमत बघा. तीनांतून दोन पुढे जाणार असतील, तर हाच क्रम उलटा करावा लागतो! तिथे भादली लागोपाठ दोनदा हरली, तर उरलेले दोघे न खेळताच पुढे गेले. शेवटचा सामना नावापुरता. म्हणून तिथे जिंकलेल्या असोद्यालाच दुसऱ्या सामन्यात उतरवायचं. तो पुन्हा जिंकला, तर भादली-ममुराबाद यांच्यात जो जिंकेल तो पुढे, सरळ हिशेब.

शेवटच्या सामन्याची एवढी काळजी कशाला, असं वाटेल तुम्हाला. मग 1982 सालचा फुटबॉलचा विश्वचषक ऐका. एका गटात पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, अल्जीरिया आणि चिली होते, आणि दोघे पुढे जाणार होते. नवख्या अल्जीरियानं जर्मनीला 2-1 असं हरवून खळबळ उडवली. पण त्यांचा शेवटचा सामना 24 जूनला संपला आणि जर्मनी-ऑस्ट्रिया सामना दुसऱ्या दिवशी, स्पेनमधल्या गिजोन शहरात होता. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली, तर ते दोघेही पुढे आणि अल्जीरिया बाहेर, हे मैदानात उतरण्याआधीच दोघांना ठाऊक होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीनं गोल केला आणि मग दोन्ही संघ चेंडू नुसता इकडून तिकडे ढकलत राहिले. प्रेक्षक ओरडले, पण निकाल 1-0 च राहिला. नियम कुणीच मोडला नव्हता! 1986 पासून मात्र गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू करतात.

तीनच्या गटात ही युक्तीही चालत नाही, कारण एक संघ नेहमीच बाहेर बसलेला असतो. 2026 च्या विश्वचषकासाठी 48 संघांचे तीन-तीनचे 16 गट करायचं आधी ठरलं होतं, सामने 80. मार्च 2023 मध्ये तो बेत बदलून चार-चारचे 12 गट ठरले आणि सामने झाले 104. त्यांना दिवस वाढवता आले. आपल्याला सोमवारची शाळा आहे!

म्हणून असोद्यासाठी चार गट, एकेक संघ पुढे, 15 सामने हेच बरं. फक्त एक मोह टाळा. दोन गट शनिवारीच संपवून टाकू आणि दोन रविवारी सकाळी, असं करू नका. नाही तर शनिवारचे गटविजेते रविवारी ताजेतवाने उतरतील, आणि दुसऱ्यांना एकाच दिवसात चार-चार सामने खेळावे लागतील. शनिवारी आधी चारही गटांचा पहिला सामना घ्या, मग दोन गटांचा दुसरा, आणि उरलेले सहा रविवारी सकाळी. तरीही ज्या दोन गटांचा दुसरा सामना रविवारी आहे, त्यातल्या तिसऱ्या संघाला चार सामन्यांची वेळ येऊ शकते. तो शिल्लक राहिलेला पाऊण तास त्याच्या विश्रांतीसाठी, उपांत्य आणि अंतिम सामन्यांच्या मध्ये ठेवा.

आता तुमच्यासाठी एक कोडं. ऐनवेळी दोन संघ आलेच नाहीत आणि उरले 10. जागा त्याच 16. गट करा 3, 3 आणि 4 संघांचे. तिन्ही गटविजेते आणि दुसऱ्या क्रमांकांतला सर्वांत चांगला एक, असे चौघे उपांत्य फेरीत न्या. सामने किती होतील? आणि चौथ्या जागेसाठी कोणत्या गटातल्या मुलांना जास्त संधी मिळेल? आकडा चटकन येईल. दुसऱ्या प्रश्नावर मात्र घरी आई-बाबांशी वाद घालून बघा!