परीक्षेचा प्रवास : पुढची गाडी हातात ठेवा

रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेसाठी कोणते शहर मिळाले, हे साधारण १० दिवस आधी कळते. गाड्यांचे आरक्षण मात्र ६० दिवस आधीच खुले झालेले असते. त्यामुळे शहर कळेपर्यंत लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांना वेटिंग लागलेले असते.

समजा, कोल्हापूरच्या मुलीला नागपूर मिळाले आणि पेपर बुधवारी सकाळच्या पाळीत आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस रोज दुपारी कोल्हापूरहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरला पोहोचते. सोमवारी निघाले तरी मंगळवारी संध्याकाळी पोहोचता येते, म्हणून बरेच जण सोमवारचेच तिकीट काढतात. ही गाडी चार तास उशिरा गेली तरी पेपर चुकणार नाही, पण ती रद्द झाली किंवा तिकीटच मिळाले नाही, तर हातात दुसरी गाडी उरत नाही. म्हणून निघायचे रविवारी. राखीव वेळ तासांत मोजू नये. आपली गाडी हुकली तर पुढची गाडी वेळेत पोहोचवते का, एवढेच पाहावे. गाडी रोजची असेल तर एक दिवस राखीव पुरतो. आठवड्यातून एकदाच धावणाऱ्या गाडीवर मात्र विसंबून राहू नये.

शहर कळल्याच दिवशी रविवारचे तिकीट काढावे. आरएसी मिळाली तर बसायला जागा नक्की असते. ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. वेटिंग हलत नसेल तर शनिवारी तत्काळ काढावे. एसीचे तत्काळ सकाळी १० वाजता, स्लीपरचे ११ वाजता सुरू होते. आयआरसीटीसीच्या खात्याची आधार पडताळणी झालेली नसेल तर ऑनलाइन तत्काळ मिळत नाही, म्हणून ते काम आधीच उरकावे. शनिवारी जमले नाही, तर सोमवारच्या गाडीच्या तत्काळसाठी रविवारी पुन्हा प्रयत्न करता येतो. तेही हुकले तर सोमवारी सकाळी एसटीने पुणे गाठायचे आणि तिथून रात्रीची नागपूरची ट्रॅव्हल्स पकडायची. तिचे भाडे आधीच बाजूला काढून ठेवावे.

कन्फर्म तत्काळ तिकीट आपण रद्द केले तर पैसे परत मिळत नाहीत. पण आपल्या स्टेशनवर गाडीला तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर पूर्ण रक्कम परत मिळते. त्यासाठी गाडी सुटण्याआधी टीडीआर भरावा लागतो. उशीर दिसताच टीडीआर भरून बसस्टँड गाठता येतो, तो याच नियमामुळे.

सोमवारी पोहोचल्यावर मंगळवारी केंद्र पाहून यावे. गेट पेपरच्या वेळेआधीच बंद होते आणि नंतर आत सोडत नाहीत. नागपूरच्या मुक्कामाचा एका रात्रीचा जादा खर्च होईल, पण तो वाचवायला जाऊ नका.