३.२ टक्के कशाचे?

सांख्यिकी मंत्रालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातला २०२३-२४ चा तक्ता समोर आला, की विद्यार्थ्याचे डोळे आधी बेरोजगारीच्या आकड्याकडे जातात: ३.२ टक्के. मग सारांशात तो लिहून टाकतो, ‘देशातले ३.२ टक्के लोक बेरोजगार आहेत.’ हे वाक्य चूक आहे. टक्के कशाचे काढलेत, हे पाहायचं राहून गेलं.

१५ वर्षांवरची १००० माणसं घ्या. तक्त्यातला श्रमशक्ती सहभाग दर ६०.१ टक्के आहे, म्हणजे त्यांतली ६०१ माणसं काम करतात, काम शोधतात किंवा मिळालं तर करायला तयार आहेत. प्रत्यक्ष काम करणारी ५८२. उरलेली १९ बेरोजगार. या १९ ला १००० ने नव्हे, ६०१ ने भागायचं, तेव्हा ३.२ टक्के मिळतात. सगळ्या १००० माणसांशी तुलना केली तर प्रमाण १.९ टक्केच भरतं.

मग बाकीची ३९९ माणसं कुठे गेली? ती श्रमशक्तीबाहेर आहेत: घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, वृद्ध, शिकणारी मुलं. पुण्यात फक्त स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी, नोकरी न शोधणारी आणि सध्या करायला तयारही नसलेली मुलगी याच गटात मोडते. नोकरी नसली तरी या तक्त्यात ती बेरोजगार नाही. उद्या तिने अर्ज करायला सुरुवात केली, की सहभाग दर आणि बेरोजगारी दर दोन्ही वाढतील. उलट, शोधून थकलेल्या एखाद्याने नाद सोडला तर बेरोजगारी दर घटेल, आणि काम मात्र एकालाही मिळालेलं नसेल. म्हणून हे दोन दर नेहमी जोडीने वाचावेत.

तक्त्याच्या शीर्षकातले ‘नेहमीची स्थिती’ हे शब्दही वगळू नयेत. इथे मागच्या ३६५ दिवसांचा हिशेब असतो. वर्षातला बराच काळ काम शोधणाऱ्या तरुणाने सोयाबीनच्या काढणीत चाळीस दिवस मजुरी केली असेल, तर तो काम करणाऱ्यांत धरला जातो. त्यासाठी तीस दिवस पुरतात. ‘चालू आठवड्याची स्थिती’ फक्त मागचे सात दिवस पाहते. त्या मापाने त्याच वर्षीची बेरोजगारी ४.९ टक्के होती. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त मापं वेगळी.

सारांशात स्त्रियांची ओळ स्वतंत्र लिहायलाच हवी. २०१७-१८ मध्ये त्यांचा सहभाग दर २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ वर गेला. ही वाढ मोठी आहे. पण त्यामागचं काम कसलं, हे सहभाग दर सांगत नाही. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी बाईसुद्धा इथे ‘काम करणारी’ असते. त्यासाठी रोजगाराच्या प्रकारांचा तक्ता उघडावा आणि ‘घरगुती उद्योगातील मदतनीस’ या रकान्यात स्त्रियांचं प्रमाण किती आहे, ते पाहावं.