हात वर केला, पुढे काय?

एक्सवरच्या ‘स्पेस’मध्ये ऐकायला कितीही लोक येऊ शकतात, बोलण्याच्या जागा मात्र मोजक्याच असतात. खोली उघडणारा यजमान, त्याने नेमलेले जास्तीत जास्त 2 सहयजमान आणि 10 वक्ते, म्हणजे एकूण 13 जण. बाकी सगळे श्रोते. त्यांच्याकडे माइकच नसतो.

समजा, कांद्याच्या भावावर चर्चा रंगली आहे आणि एका शेतकऱ्याला बोलायचंय. तो माइकच्या चिन्हावर बोट ठेवून विनंती पाठवतो. ती यजमान आणि सहयजमानांना दिसते. त्यांनी होकार दिला की तो वक्ता होतो. माइक सुरू केला की त्याचा आवाज सगळ्यांना पोहोचतो.

पण दहाही जागा भरल्या असतील, तर आधी कुणाला तरी श्रोत्यांत परतावं लागतं. खोळंबा होतो तो इथेच. बोलून झालेली माणसं जागा अडवून बसतात आणि विनंत्या साचत जातात. म्हणून जाणता यजमान एकाला विनंत्यांवर लक्ष ठेवायला सांगतो आणि ज्याचं बोलून झालं, त्याचे आभार मानून त्याला लगेच श्रोत्यांत पाठवतो. तो बाहेर पडत नाही, ऐकत राहतो. फक्त माइक पुढच्याला मिळतो.