शिफारसपत्र मागताना सरांना काय लिहावे

सॉफ्टवेअर इंटर्नशिपच्या अर्जासोबत शिफारसपत्र मागतात ते गुणपत्रिकेत न दिसणारी गोष्ट कळावी म्हणून: हा विद्यार्थी काम करताना अडला की काय करतो? ते प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसालाच सांगता येते. त्यामुळे विभागप्रमुखांच्या मोठ्या पदापेक्षा प्रॅक्टिकल किंवा प्रोजेक्ट करून घेणाऱ्या प्राध्यापकांचे पत्र अधिक उपयोगी पडते.

मात्र दर सत्राला नव्या तुकड्या शिकवणाऱ्या प्राध्यापकांना प्रत्येकाचे काम लक्षात राहत नाही. ते आठवून देणे हे संदेशाचे पहिले काम. तृतीय वर्षाची एखादी विद्यार्थिनी असे लिहू शकेल:

“नमस्कार मॅडम, मी तृतीय वर्ष संगणक, ब तुकडी, रोल नंबर ४२. मागच्या सत्रात डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलला आमच्या गटाने ग्रंथालयाच्या देवघेवीचा मिनी प्रोजेक्ट केला होता. थकीत पुस्तकांची यादी यायला फार वेळ लागत होता, तेव्हा आपण कारण शोधायला सांगितले होते. मी EXPLAIN चालवून पाहिले, पूर्ण टेबल वाचले जात असल्याचे दिसले आणि परतीच्या तारखेवर इंडेक्स घातला. एका बॅकएंड इंटर्नशिपसाठी मी अर्ज करत आहे. या कामाच्या आधारे आपण शिफारसपत्र देऊ शकाल का? अर्जाची मुदत २० तारखेपर्यंत आहे. आपल्याला सवड नसेल, तर तसे कळवावे.”

यातला इंडेक्सचा प्रसंग हाच पत्राचा गाभा. “मी मेहनती आहे” या वाक्यावरून मॅडमना काहीच लिहिता येत नाही. या प्रसंगावरून एक पूर्ण परिच्छेद लिहिता येतो. शेवटचे वाक्यही केवळ सौजन्याचे नाही. नाइलाजाने होकार दिलेल्या प्राध्यापकांचे पत्र बहुधा हजेरी आणि वागणूक यांपलीकडे जात नाही. “बघू, वेळ मिळाला तर” असे उत्तर आले, तर दुसऱ्या प्राध्यापकांना विचारणे बरे.

विनंती मुदतीच्या किमान दोन-तीन आठवडे आधी करावी. होकार आल्यावर बायोडेटा, गुणपत्रिका आणि इंटर्नशिपची माहिती एकाच ईमेलने पाठवावी. पत्र लेटरहेडवर सही करून हवे, की कंपनी प्राध्यापकांना लिंक पाठवणार, तेही त्यात लिहावे. लिंक येणार असल्यास अर्जात प्राध्यापकांचा महाविद्यालयाचा ईमेल पत्ता द्यावा, कारण खासगी पत्ता काही ठिकाणी चालत नाही. लिंक स्पॅममध्ये जाऊन पडते आणि प्राध्यापक तिची वाट पाहत राहतात, असेही होते. म्हणून अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मिळाली का, हे विचारावे.

“ड्राफ्ट तूच लिहून आण” हे उत्तर आपल्याकडे सर्रास मिळते. तेव्हा स्वतःची स्तुती लिहून नेऊ नये. तसे पत्र वाचताच ओळखू येते. प्रोजेक्टचे नाव, स्वतः केलेला भाग, आलेली अडचण आणि तिचा निकाल एवढे पानभर मुद्दे न्यावेत आणि त्यांवरचे मत प्राध्यापकांनी आपल्या शब्दांत लिहावे, अशी विनंती करावी.